पत्र्यावर सेफ्टी बूट घसरतायत, कोणते घ्यावेत? (तातडीने मदत हवी)

शेडवाला_चाकण:
गोडाऊनच्या छताचं काम चालू आहे. सेफ्टी बूट आयएसआय मार्कचे, नवेकोरे, तरी पोरं घसरतायत. सोमवारच्या आत आठ जोड घ्यायचेत. बजेट 2500 पर्यंत. नाव सांगा, लेक्चर नको.

उताराचा_माणूस:
पत्रा कुठला? उतार किती? घसरतात ते सकाळी की दिवसभर? आणि तळ कशाचा आहे, पीयू, पीव्हीसी की रबर? एवढं सांगितल्याशिवाय नाव सांगून उपयोग नाही.

शेडवाला_चाकण:
पत्रा म्हणजे पत्रा, कलर कोटेड. उतार 10 अंश असेल. सकाळी जास्त, दुपारी कमी. तळाला काय असतं ते बघितलं नाही, काळा आहे आणि कडक आहे.

सह्यभटका:
सोपं आहे. ट्रेकिंगचे बूट घ्या, खोल खाचांचे. ओल्या कातळावर चालतात तर पत्र्यावर का नाही चालणार?

उताराचा_माणूस:
@सह्यभटका अर्धं बरोबर. त्या बुटांचं रबर मऊ असतं, ते हवंच आहे. पण खोल खाचा चिखलात रुततात म्हणून धरतात. गुळगुळीत पत्र्यात रुतणार काय? तिथे फक्त उंचवट्यांची टोकं टेकतात. शिवाय सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारताना पडणारा लोखंडाचा कीस त्या खाचांत अडकतो, मग रंगावर चरे पडतात आणि पहिल्या पावसात तिथे गंजाचे ठिपके येतात. पत्र्याला सपाट तळ हवा, त्यावर बारीक चिरा, पाणी बाजूला सारायला.

सह्यभटका:
मग हेच म्हणालो ना, रबर घ्या.

उताराचा_माणूस:
खाचा सोडून, हो.
@शेडवाला सकाळी जास्त म्हणजे दव. रात्री पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो. 8 ला चढण्यापूर्वी चालायच्या पट्ट्यावर कोरडं पोतं ओढा. नव्या बुटाच्या तळावर साच्यातून निघतानाचं चकचकीत आवरणही असतं. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने तळ घासून मॅट करा, मग बघा. तरीही घसरले तरच नवे घ्या.

सेफ्टी_नाना:
एसआरसी लिहिलेले बूट घ्या, विषय संपला.

उताराचा_माणूस:
नाना, विषय तिथे संपत नाही. जुन्या आयएसओ 20345 प्रमाणे एसआरसी म्हणजे साबणपाण्याची फरशी आणि ग्लिसरीन लावलेलं स्टील, दोन्हींवरची चाचणी. स्टीलवर सपाट पावलाला 0.18 घर्षण मिळालं की बूट पास, टाचेला तर 0.13 पुरतं. 10 अंशांच्या उतारावर नुसतं उभं राहायलाच 0.18 च्या आसपास लागतं, पत्रा खांद्यावर घेऊन चालायला त्याहून बरंच जास्त. ग्लिसरीन पाण्यापेक्षा निसरडं, हे मान्य. पण सपाटीवरचा शिक्का उतारावर हमी देत नाही. आणि 2022 च्या सुधारणेत एसआरसी हा शिक्काच गेला.

सेफ्टी_नाना:
स्टील टोशिवाय आमच्या साइटवर कुणाला वर सोडत नाही. तुमचे मऊ सपाट बूट दाखवा टोसकट.

उताराचा_माणूस:
स्टील टोला माझा विरोध नाही, तळातल्या स्टीलच्या पट्टीला आहे. खिळ्यापासून वाचवणारी ती पट्टी बूट वाकू देत नाही. मग उतारावर पाऊल पूर्ण टेकत नाही, पुढची कडच टेकते. कापडी पट्टीचे बूट मिळतात, ते वाकतात, पण अगदी बारीक खिळा त्यातून शिरू शकतो. दुकानात टाच एका हातात धरून चवडा वर दाबा. बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे. मधूनच दुमडला तर नको, कारण कपलॉकच्या 48 मिमी पाइपवर पाय ठेवला की सगळा भार तळाच्या मध्यावर येतो. टाचही वेगळी उठलेली हवी, शिडीच्या पायरीला अडकायला.

रंगारी_संदीप:
पत्र्यालाच अँटी-स्लिप रंग मारा ना. गच्चीला आम्ही वाळू मिसळून देतो.

शेडवाला_चाकण:
गच्ची नाही, पत्रा आहे, तोही गिऱ्हाइकाचा. बरं, काही पत्र्यांवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं आहे, सगळं लागल्यावर काढतो. त्याचा काही संबंध?

उताराचा_माणूस:
हे आधी सांगायचं! ती गार्ड फिल्म. तिच्यावर दव पडलं की कुठलाच तळ धरत नाही. प्रत्येक पत्रा जागेवर ठेवला की लगेच काढा, निदान पर्लिनवरच्या स्क्रूच्या रांगेलगत, कारण चालायचंही तिथूनच. उजेडासाठीच्या स्कायलाइट शीटवर पाय नकोच. आणि लाइफलाइन बुटाच्या भरवशावर सोडू नका.

शेडवाला_चाकण:
उद्या फिल्म काढून, तळ घासून बघतो. पण मऊ रबर किती टिकेल? महिन्याला आठ जोड परवडणार नाहीत.

सेफ्टी_नाना:
चार महिने.

उताराचा_माणूस:
पत्र्यावर जास्त. खाली खडीत तेच बूट घालून फिरलात तर चारही नाही. वरचे बूट वरच वापरा.

कौलारू_राजापूर:
आमच्या मंगलोरी कौलांवर शेवाळ आहे, तिथे हे चालतील का?