सबटायटल इंग्रजी की पोर्तुगीज?

"पणजीत पोर्तुगीजच्या पहिल्या वर्गाला जाते. चित्रपट पाहताना सबटायटल इंग्रजी ठेवावेत की पोर्तुगीज?"

कान तयार करायचा असेल तर आवाज आणि सबटायटल दोन्ही पोर्तुगीजच ठेवावेत. लिस्बनकडच्या बोलण्यात आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळले जातात, त्यामुळे 'तेलेफोने' असा लिहिलेला शब्द कानावर 'त्लफॉन' असा पडतो. अक्षरे समोर असली की हा ध्वनी कोणत्या शब्दाचा आहे ते त्याच क्षणी कळते. इंग्रजी ओळ केवळ अर्थ सांगते. मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी २००९ मध्ये डच प्रेक्षकांना अनोळखी स्कॉटिश व ऑस्ट्रेलियन उच्चारांतले इंग्रजी ऐकवले, तेव्हा इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना त्या धाटणीतली नवी वाक्येही अधिक चांगली ओळखता आली, तर डच सबटायटलांनी उलट अडथळा केला.

मात्र त्या प्रेक्षकांना इंग्रजी आधीपासून चांगले येत होते, आणि आपण पहिल्या वर्गात आहात, हा फरक मोठा आहे. म्हणून तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्यावा: एकदा इंग्रजी मजकुरासह अर्थासाठी, दोनदा पोर्तुगीज मजकुरासह, आणि शेवटी मजकूर बंद करून. शेवटच्या खेपेस 'त्लफॉन' ऐकताच शब्द उमगला, तर पुढे जावे.

पोर्तुगीजमध्ये डब केलेला चित्रपट मात्र टाळावा, कारण डबिंग आणि सबटायटल यांची भाषांतरे बहुधा वेगवेगळी केलेली असतात. पहिल्या चार-पाच ओळींतच ऐकलेले आणि वाचलेले शब्द जुळत नसतील, तर तो चित्रपट या कामाचा नाही.