शब्दचर्चा : वसुलीपत्रातलं ‘सबरोगेशन’ म्हणजे हस्तांतरण का?

मेघना (जुळे सोलापूर): विम्याचं एक पत्र मराठीत आणतेय आणि एका वाक्यावर अडलेय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या गोदामाला आग लागली. शेजारच्या शेडवर पत्रे बसवताना फॅब्रिकेटरचं वेल्डिंग चालू होतं, त्याच्या ठिणग्या इकडे पडल्या. कारखान्याच्या विमा कंपनीने क्लेम दिला आणि आता ती फॅब्रिकेटरच्या विमा कंपनीकडे पैसे मागते आहे. पत्राची प्रत फॅब्रिकेटरलाही जाणार, त्याला मराठीच वाचता येतं. मूळ इंग्रजी वाक्यात ‘सबरोगेशन’ आहे, त्यासाठी मी लिहिलं होतं, “विमेदाराचे सर्व हक्क आमच्याकडे हस्तांतरित झाल्यामुळे आम्ही आपणाकडून वसुलीची मागणी करीत आहोत.” ऑफिसमधून शेरा आला की ‘हस्तांतरित’ नको. मग काय लिहायचं? हिंदी पॉलिसीत ‘प्रत्यासन’ असतं, पण तो शब्द फॅब्रिकेटरला कळेल असं वाटत नाही.

व्यंकटेश (पूर्व भाग): म्हणजे कंपनी दिलेला क्लेम परत मागतेय का? आमच्याकडं पण चार माग जळाले तेव्हा कंपनीनं पैसे कापले होते. त्यावर कुठं तक्रार करायची ते सांगा की कुणीतरी.

मेघना: नाही अण्णा, कारखानदाराला मिळालेले पैसे त्याच्याकडेच राहणार. ज्याच्या चुकीने आग लागली त्याच्याकडून कंपनी वसूल करते आहे.

दत्ताकाका (निवृत्त, कोर्टात होतो): ‘हस्तांतरण’ चुकीचं आहे हे खरं. पण मुळात कारखानदाराकडून हक्काचं पत्र घ्यायचीही गरज नसते. कंपनीने पैसे दिले की हक्क कायद्यानेच तिच्याकडे येतो, सागरी विमा कायद्याच्या कलम 79 मध्ये स्पष्ट आहे. तेव्हा ‘कायद्याने प्राप्त हक्कानुसार’ एवढं लिहिलं तरी पुरे.

सुहास (क्लेम आणि वसुलीचं काम करतो): काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. पैसे दिले की हक्क उभा राहतो. पण 1963 च्या त्या कायद्याचं कलम 79 समुद्री विम्यापुरतं आहे, आगीच्या पत्रात ते टाकलं की समोरची कंपनी पहिला आक्षेप त्यावरच घेते. आगीच्या विम्यात हा हक्क न्यायतत्त्वातून आणि पॉलिसीतल्या अटीतून येतो. आणि पत्र आम्ही हमखास घेतोच. रक्कम देताना कारखानदाराकडून स्टॅम्प पेपरवर सबरोगेशन लेटर घेतो आणि सोबत मुखत्यारपत्र. किती रक्कम मिळाली, कशाबद्दल मिळाली आणि वसुलीला आपण कसं सहकार्य करू, हे त्यात असतं. ते नसेल तर पुढे कोर्टात वर्षभर नुसता ‘तुम्ही कोण’ हाच वाद चालतो.

मेघनाताई, आता तुमच्या शब्दाबद्दल. हस्तांतरणात हक्क एकाच्या हातातून सुटतो आणि दुसऱ्याच्या हातात जातो. सबरोगेशनमध्ये हक्क कारखानदाराचाच राहतो आणि कंपनी त्याच्या जागी उभी राहून तो वापरते, तोही तिने दिलेल्या रकमेपुरता. म्हणूनच दावा लावायचा तर कारखानदाराच्या नावाने किंवा त्याला सोबत घेऊन लावावा लागतो. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात याचे तीन प्रकार वेगळे केले : नुसतं न्यायतत्त्वाने येणारं, पत्राने पक्कं केलेलं, आणि सबरोगेशनसोबत हस्तांतरणही असलेलं. तुमचं वाक्य या तिसऱ्या प्रकाराचं झालं. कारखानदाराने दिलेलं लेटर तसं नसेल, तर पत्र एक म्हणणार आणि लेटर दुसरं.

मेघना: पैशात काय फरक पडतो?

सुहास: सोपे आकडे घेऊ. समजा कारखानदाराचं एकूण नुकसान 24 लाख. गोदामातल्या मालाच्या मानाने विमा थोडा कमी उतरवलेला होता, शिवाय त्याने स्वतः सोसायचा पहिला वाटा होता, त्यामुळे कंपनीने 20 लाख दिले. 4 लाख त्याच्या अंगावर राहिले. आता फॅब्रिकेटरच्या बाजूने 15 लाखांवर तडजोड झाली. लेटरमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्यातले पहिले 4 लाख कारखानदाराचे, 11 लाख कंपनीचे. लेटरमध्ये ‘आधी कंपनीचे पैसे फिटतील’ असं असेल तर 15 च्या 15 कंपनीकडे. आणि हस्तांतरण असेल तर पुरे 24 वसूल झाले तरी कारखानदार 4 लाख मागू शकत नाही. एका शब्दावर 4 लाख इकडचे तिकडे होतात, म्हणून ऑफिसने शेरा मारला.

अश्विनी (मराठी शिकवते): मग ‘जागी येणे’ हाच मराठीचा सरळ प्रयोग का नको? वारस बापाच्या जागी येतो, जामीनदार कर्जदाराच्या जागी उभा राहतो, असं आपण बोलतोच. “आम्ही विमेदाराच्या जागी येऊन, दिलेल्या रकमेपुरती, आपणाकडून भरपाई मागत आहोत.” फॅब्रिकेटरला हे एकदा वाचून कळेल. दुसरी सुचवण, पत्रात ‘त्रयस्थ’ असेल तर काढा. त्रयस्थ म्हटलं की ज्याचा भांडणाशी संबंध नाही असा, निःपक्ष माणूस डोळ्यापुढे येतो, आणि इथे तर त्यानेच आग लावली असं तुम्ही म्हणताय. त्याऐवजी सरळ ‘आपण’ लिहा.

दत्ताकाका: ‘जागी येणे’ बोलायला छान आहे, कोर्टात टिकायला नाही. कागदावर ‘प्रतिस्थापन’ हवं.

सुहास: मथळ्यात ‘सबरोगेशन’ देवनागरीत ठेवा आणि मजकुरात अश्विनीताईंचं वाक्य घ्या. कोर्टात लेटर वाचलं जातं, मथळा नाही. ‘प्रतिस्थापन’ला माझा विरोध नाही, पण यंत्राचा भाग बदलल्यासारखा वाटतो. मला त्याहून मोठी अडचण पत्र कुणाच्या नावाने आहे याची वाटते. मेघनाताई, ते थेट फॅब्रिकेटरच्या विमा कंपनीला लिहिलंय ना?

मेघना: हो, आणि प्रत त्याला.

सुहास: ते उलटं करायला सांगा. गाडीच्या अपघातात समोरच्याच्या विमा कंपनीवर कायद्यानेच जबाबदारी येते, तशी इथे येत नाही. फॅब्रिकेटरकडे पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी असेल तर तो करार त्याचा आणि त्याच्या कंपनीचा. आपण थेट तिच्याकडे मागितलं की उत्तर ठरलेलं असतं : आमचा तुमच्याशी करार नाही. म्हणून मागणी फॅब्रिकेटरकडे करायची, ‘ही मागणी आपल्या विमा कंपनीला ताबडतोब लेखी कळवा’ असं त्याला सांगायचं आणि प्रत तिला पाठवायची. त्याने कळवायला उशीर केला तर त्याची कंपनी त्याच्यावरच अट मोडल्याचा ठपका ठेवते, मग आपल्याला पैसे मिळायची वाटच बंद. उत्तरात तो ‘चूक झाली’ असं लिहून देणार नाही, कारण कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही ही त्याच्या पॉलिसीची नेहमीची अट असते. तेव्हा कबुली नसणं म्हणजे नकार समजू नका.

व्यंकटेश: आता कळालं मला. आमची गोष्ट ह्याचीच आहे बगा. शेजाऱ्याच्या वायरिंगनं आग लागली होती. तो भला माणूस, दीड लाख रोख दिला आणि ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं. शेजारधर्म म्हणून मी पण सही केली. नंतर कंपनी म्हणाली, तुम्ही आमचा वसुलीचा हक्क घालवला, आणि क्लेममधून कापलं. कुणी सांगितलंच नव्हतं.

सुहास: अण्णा, कापण्याचं कारण तेच. शेजाऱ्याला तुम्ही मोकळं केलंत, मग तुमच्या जागी येणाऱ्या कंपनीला त्याच्याकडे मागायला उरलं काय? दीड लाख तुमच्या न भरलेल्या नुकसानीपोटी घेतले आणि बाकीचा हक्क राखून ठेवला, असं लिहिलं असतं आणि आधी कंपनीला कळवलं असतं, तर बहुतेक वाचला असतात. किती कापलं आणि कशाच्या आधारावर, ते पत्र काढून एकदा वकिलाला दाखवा. दीड लाखांहून जास्त कापलं असेल तर हिशोब मागता येईल.

अश्विनी: इथे ‘हलगर्जीपणा’ आणि ‘निष्काळजीपणा’ यातलं काय?

सुहास: निष्काळजीपणा. पण नुसता शब्द लिहून भागत नाही, काय केलं नाही ते लिहावं लागतं. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे आग लागली’ हे वाक्य समोरचा सर्व्हेअर एका ओळीत झटकतो. त्याऐवजी असं : दोन शेडमधल्या भिंतीच्या माथ्यावर पत्र्याखाली फट होती, ती झाकली नाही. खाली टॉवेलचे गठ्ठे दिसत असून हलवायला सांगितले नाहीत. हातात आग विझवायचा बाटला घेऊन कुणी उभं केलं नाही. काम संपल्यावर पाहणी न करता माणसं निघून गेली. कापसाच्या मालात ठिणगी तासभर धुमसत राहते, म्हणून हे शेवटचं फार मोलाचं.

आणि पुरावा. अग्निशमन दलाच्या दाखल्यावर कारण बहुतेकदा ‘शॉर्ट सर्किट असावे’ असं येतं, पोलिसांकडे ‘अकस्मात जळीत’ म्हणून नोंद होते. दोन्ही कागद आपल्या विरोधात जातात. अशा एका प्रकरणात आमच्या सर्व्हेअरने भिंतीच्या आपल्या बाजूला, तुळईवर गोठलेले वेल्डिंगचे मणी आणि जळक्या इलेक्ट्रोडचे तुकडे जागेवरच फोटो काढून पंचासमक्ष उचलले होते. शिवाय मीटर आणि मुख्य स्विचच्या बाजूची वायर शाबूत होती. शॉर्ट सर्किटचा मुद्दा तिथेच गेला. मलबा एकदा उचलला की हे परत मिळत नाही.

मेघना: पत्रात पुढे आहे, ‘रक्कम अदा केल्याच्या दिनांकापासून तीन वर्षांच्या आत...’ आग मार्चमधली, पैसे पुढच्या वर्षीच्या जानेवारीत दिले.

सुहास: ती ओळ काढाच. आपण कारखानदाराच्या जागी उभे, म्हणजे त्याचं घड्याळ तेच आपलं. मुदत आगीच्या दिवसापासून मोजायची आणि मागणीपत्र पाठवल्याने ती थांबत नाही. जानेवारीत पैसे दिले म्हणजे दहा महिने आधीच गेलेत. उत्तराला तीस दिवस द्या आणि शेवटी ‘आमच्या अन्य हक्कांना बाधा न येता’ हे ठेवा.

दत्ताकाका: मुदतीचं मान्य. एक विचारतो. शेडचा मालक, ज्याने फॅब्रिकेटर लावला, त्याला का सोडलंय? काम त्याच्या जागेत चाललं होतं.

सुहास: तो मुद्दा आमच्यातही सुटलेला नाही. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो, हे तो म्हणणारच. पण कापसाच्या मालाशेजारी वेल्डिंग हे मुळातच धोक्याचं काम, त्यात स्वतः काळजी घ्यायला हवी होती, असं आम्ही म्हणू शकतो. मी त्यालाही पत्र पाठवायच्या बाजूचा आहे, आमचे वकील नाहीत. त्यांचं म्हणणं, शेजारी उद्या साक्षीदार म्हणून लागेल.

मेघना: मग तूर्त असं करते : “कारखानदारास दिलेल्या भरपाईपुरते आम्ही त्यांच्या जागी आलो असून, त्या रकमेची मागणी आपणाकडे करीत आहोत.” मथळा ‘सबरोगेशन : वसुलीची मागणी’. मालकाच्या नावाची जागा मसुद्यात मोकळी ठेवते. काका, ‘प्रतिस्थापन’ मी घेत नाहीये.

दत्ताकाका: नका घेऊ. पण ‘भरपाईपुरते’ या शब्दाखाली रेघ ओढा.