एअर बेड आहे, तरी रात्री कूस बदलायचीच का?

अमळनेरची सून: सासूबाई ७८ वर्षांच्या. लकव्याने डावी बाजू गेली, अंथरुणालाच आहेत. शुगरही आहे. बेडसोर होऊ नये म्हणून एअर बेड आणला, दुकानदार म्हणाला आता कूस बदलायची कटकट नाही. तरी माकडहाडावर काळपट डाग दिसतोय. कातडी फुटलेली नाही. रात्री दर दोन तासांनी उठणं आम्हा दोघांना झेपत नाही, सकाळी कामावर जायचं असतं. एअर बेड असताना खरंच उठावं लागतं का? आणि डागाला काय लावू?

धुळ्याचा मुलगा: उठावंच लागतं ताई. दोन तास म्हणजे दोन तास. माझ्या वडिलांना आम्ही गजर लावून फिरवायचो, भावाभावांत पाळ्या लावल्या होत्या. एकाही रात्री सूट नाही. एअर बेड हा दुकानदारांचा धंदा आहे.

निवृत्त सिस्टर, जळगाव: आमच्या वेळी एअर बेड कुठे होते? रोज सकाळ-संध्याकाळ पाठीला स्पिरिट चोळायचं, मग पावडर. वॉर्डात बेडसोर झाला की इन्चार्ज सिस्टर पाणउतारा करायच्या. तुम्ही डागावर हलक्या हाताने मसाज सुरू करा, रक्त फिरेल. आणि चादरीला सुरकुती राहू देऊ नका.

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: सुरकुतीचं सिस्टर बरोबर बोलल्या. पण डागावर चोळू नका. कातडीखालचा मांसल भाग दाबाने आधीच दुखावलेला असतो, वरून रगडलं की आतला नाजूक थर आणखी फाटतो. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते.

आधी डाग नीट बघा. सासूबाईंना कुशीवर घेऊन अर्धा तास त्या जागेवर भार येऊ देऊ नका, मग बघा डाग फिका होतो का. गोऱ्या कातडीवर बोटाने दाबलं की लाली पांढरी पडते आणि सोडल्यावर परत येते. तशी पांढरी पडलीच नाही तर समजायचं, बेडसोरची सुरुवात झाली. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, म्हणून हाताने ओळखायचं. डागाची जागा आणि शेजारची जागा आलटून पालटून चाचपा. डाग जास्त गरम लागतो का, घट्ट लागतो की पिठाच्या गोळ्यासारखा लिबलिबित? जांभळट होऊन लिबलिबित लागला तर आत खोल इजा असू शकते, मग डॉक्टरांना घरी बोलवा. कातडी शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि एक सांगा, एअर बेडवर काय काय अंथरलंय?

अमळनेरची सून: अर्धा तास कुशीवर ठेवून बघितलं. जांभळट नाही, पण गरम आणि थोडा घट्ट लागतो, फिका झाला नाही. बेडवर मेणकापड, त्यावर गोधडी, वर चादर. डायपर असतं तरी कधी कधी ओलं होतं म्हणून.

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: गोधडी आणि मेणकापड आजच काढा. खालच्या नळ्या आळीपाळीने फुगतात-बसतात, पण जाड गोधडीच्या वर ते पोहोचतच नाही. मेणकापडाने घाम कोंडतो, आपल्या उन्हाळ्यात तर पाठ उकडून निघते. बेडवर एकच पातळ सुती चादर, आणि ओल्यासाठी वापरून टाकायचा एकच शोषक पॅड. डायपर ओलं झालं की लगेच बदला. जागा साध्या पाण्याने पुसून टिपून घ्या, घासू नका. मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. ते ओलाव्यापासून वाचवतं, दाबावर त्याचा काही उपयोग नाही.

पंपाचं बटण सासूबाईंच्या वजनाच्या खुणेवर आहे का बघा. कमरेखाली, बेडच्या खालून पंजा सरकवा. हाड हाताला टेकतंय असं वाटलं तर हवा कमी आहे. आणि पंप इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेली की थोड्या वेळात पेशंट सरळ फळीवर.

केळीवाला, रावेर: भो, आमच्या आजोबांना केळीच्या पानावर झोपवायचो. थंड राहतं, चिकटत नाही. एअर बेडला कशाला पैसे घालायचे, पंपासकट कितीला पडतो तसं?

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: दादा, प्रश्न किमतीचा नाहीये. भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग मुंबईत डॉक्टरांनी वापरलंय, ते चिकटत नाही हे खरं. पण पानाने भार कमी होत नाही, आणि मधला दांडा राहिला तर तोच रुततो.

धुळ्याचा मुलगा: मग दोन तासांचं माझं बरोबरच ना?

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: साध्या गादीवर बरोबर. चांगली गादी असेल आणि कातडी ठीक असेल तर रात्री चार तासांपर्यंत काही पेशंटना चालतं. पण ते कातडी बघून ठरवायचं, घड्याळ बघून नाही. ताई, डाग आहे तोवर सासूबाईंना पाठीवर झोपवूच नका. उजवी कूस, डावी कूस, एवढंच. आज दोन तासांनी फिरवा. डाग फिका पडला की रात्रीचं अंतर तीन तास करून बघा. सकाळी कुठल्याही हाडावर नवी गरम जागा सापडली तर परत दोनवर या.

कूस म्हणजे पूर्ण आडवं नाही, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी खोचून ३० अंशांएवढंच कलतं ठेवा. माकडहाडाखाली पंजा सहज गेला म्हणजे जमलं. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली लांब उशी, टाच हवेत तरंगती. लकव्याचा हात अंगाखाली दबणार नाही ते बघा. आणि ओढू नका, ओढण्यात कातडी आतून घासते. खांद्यापासून मांडीपर्यंत जुनं लुगडं दुमडून खाली घाला, दोघांनी दोन टोकं धरून उचला.

निवृत्त सिस्टर, जळगाव: लुगड्याचं पटलं. पण जेवल्यावर डोकं वर ठेवावं लागतं, नाहीतर घास श्वासात जातो. तेव्हा त्या खाली घसरतातच.

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: खरं आहे सिस्टर, तिथे दोन्हीकडून ओढाताण आहे. आधी गुडघ्याखाली उशी, मग डोकं वर, म्हणजे घसरणं कमी होतं. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास तसं ठेवायचं, मग ३० अंशांच्या आत खाली घ्यायचं.

चाळीसगावचे काका: आमच्या हिच्या माकडहाडावर नाण्याएवढी कातडी सोलली आहे. रोज बीटाडीन आणि कोरडी गॉज. काढताना चिकटते, रक्त येतं. खाली गोल रबरी रिंगही ठेवलीय.

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: काका, रिंग काढा. तिच्या कडेवर भार येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट अडतो. गॉज चिकटते म्हणजे भरत आलेली नवी कातडी रोज उपटली जातेय. चिकटलेली गॉज सलाईनने पूर्ण भिजवूनच काढा. जखम गुलाबी, स्वच्छ असेल तर बीटाडीन नको, सलाईनने धुवा आणि न चिकटणारं ड्रेसिंग लावा. हायड्रोकोलॉइडची पट्टी मिळते, कडेने गळत नसेल तर ती तीन ते पाच दिवस काढायची नसते. काढताना पिवळसर जेलसारखं दिसतं, तो पू नव्हे. घाण वास, ताप, कडेची लाली पसरणं, आत पोकळी, यातलं काही दिसलं तर पट्टीने झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. काळी पडलेली कातडी घरी कापू नका.

निवृत्त सिस्टर, जळगाव: बीटाडीनवर माझं मत वेगळं आहे. पू असलेल्या जखमा मी त्यानेच भरलेल्या पाहिल्यात.

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: पू असेल तर काही दिवस डॉक्टर देतातही. भरत आलेल्या जखमेवर रोज नको, एवढंच माझं म्हणणं.

अमळनेरची सून: गोधडी काढली. रात्री अकरा, एक, तीन, पाच. अकराची पाळी मोठ्या मुलीने घेतली. जेवण मात्र जात नाही, शुगरमुळे दूध-डाळही मोजून देतोय.

घरी जाऊन ड्रेसिंग करणारी, भुसावळ: डाळ, अंडं, पनीर तोडू नका, कातडी भरायला प्रोटीन लागतंच. किडनीचा त्रास असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

धुळ्याचा मुलगा: तीन-चार तासांचं मला अजूनही पटत नाही. तुमच्यासारखं रोज हात लावून तपासणारं माणूस किती घरांत आहे?