पगारातून ॲडव्हान्स मागण्याचा अर्ज: परतफेड कशी लिहिलीत?

कळवेकर
अनुभव सांगा, माझा आधी सांगते. मे महिन्यात घराच्या डिपॉझिटसाठी 60,000 हवे होते. पगार 32,000. त्यातून 1,800 पीएफ, 200 प्रोफेशन टॅक्स आणि पतपेढीचे 5,000 कापले जातात. लवकर फिटावं म्हणून मी 15,000 चे चार हप्ते लिहिले. अकाउंटच्या काकांनी अर्ज परतच दिला. "अगं, सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर नेता येत नाही. तुझे 7,000 आधीच जातात, उरले 9,000." पगारचिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने आकडेमोड केली. 7,500 चे आठ हप्ते ठरले. जूनमध्ये मुलाच्या शाळेचा खर्च, म्हणून सुरुवात जुलैच्या पगारापासून. शेवटचा हप्ता फेब्रुवारीत येतो आणि त्या महिन्यात प्रोफेशन टॅक्स 300 होतो, तेही त्यांनी धरलं. अर्जातली ओळ अशी:

"जुलैच्या पगारापासून दरमहा 7,500 रुपये याप्रमाणे आठ हप्ते वळते करून घ्यावेत. त्याआधी नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम माझ्या अंतिम हिशेबातून कापण्यास माझी संमती आहे."

चार दिवसांत पैसे खात्यात आले.

परळचा
निम्मा पगार कापता येतो, म्हणजे तुम्ही 16,000 चा हप्ताही लिहू शकला असता की.

लेखापाल, अंधेरी
नाही हो, ती मर्यादा एकट्या हप्त्याला नाही, एकूण कपातीला आहे. पीएफ, टॅक्स, पतपेढी सगळं त्यातच. माझ्याकडे येणारे निम्मे अर्ज इथेच अडतात. दुसरी चूक म्हणजे "सोयीनुसार फेडीन" असं लिहिणं. साहेब सही करतील, पण मी पगारपत्रकात कोणता आकडा भरू? रक्कम, हप्ता, पहिला महिना आणि शेवटचा महिना, एवढं तरी लिहाच.

विरार फास्ट
पीएफमधूनच काढा ना, मी लग्नाच्या वेळी काढले होते. परत फेडावे लागत नाहीत.

कळवेकर
दादा, पीएफ म्हातारपणासाठी ठेवलाय. इथे कंपनीकडून घेतलेल्या ॲडव्हान्सबद्दलच विचारतेय.

भुलेश्वर
आमच्या दुकानात अर्ज नसतो. शेठना तोंडी सांगितलं, 20,000 उचलले, दरमहा 2,000 ठरले. दहा महिन्यांनी शेठच्या वहीत आठच हप्ते. दोन महिने पगार रोख मिळाला होता, कापल्याची चिठ्ठी नाही. ते 4,000 मी परत भरले. अजून डोक्यातून जात नाही. आता दर महिन्याला वहीतल्या त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढतो.

नवी मुलगी
कारण लिहावंच लागतं का? आईचं ऑपरेशन आहे, पण ऑफिसात चर्चा नको वाटते.

लेखापाल, अंधेरी
मी "घरातील वैद्यकीय खर्च" एवढ्यावर अर्ज पुढे पाठवतो. काही ठिकाणी मात्र हॉस्पिटलचं अंदाजपत्रक मागतात.

कळवेकर
मला भाडेकराराची प्रत जोडायला लावली होती. मी तर म्हणेन, अर्जात थोडक्यात लिही आणि कागद थेट एचआरच्या हातात दे.

परळचा
आमच्याकडे एचआरला दिलं की दुपारपर्यंत कँटीनला कळतं.