सल्ला हवा: तीन पंपांपैकी शेवटचा कधी बंद पडेल?

तळ्यातमळ्यात: तीन सारखे पंप एकदमच चालू केलेत. प्रत्येकाचं आयुष्य घातांकी वितरणाचं, सरासरी 1000 तास, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एक जरी चालू असला तरी काम भागतं. तर काम सरासरी किती तास चालेल? सोपी पद्धत सुचवा. अट एकच: इंटिग्रेशन नको.

जुनंखोड: इंटिग्रेशनशिवाय गणित म्हणजे पोरखेळ. तिघेही t पर्यंत बंद पडण्याची शक्यता `(1 − e^(−t/1000))³`. ही 1 मधून वजा करा आणि शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट करा. आम्ही हे हातानेच करायचो.

निवांत: एवढं कशाला? पहिला सरासरी 1000/3 म्हणजे 333 तासांनी जाणार. मधला 1000 ला. म्हणजे शेवटचा तेवढाच पलीकडे, 1667. युनिफॉर्मला मी नेहमी असंच काढतो.

शंखपुष्पी: निवांतदादा, 333 बरोबर, पुढचं नाही. 0 ते 2000 मध्ये युनिफॉर्म असतं तर किमान 500, मधला 1000, कमाल 1500, कारण ते वितरण दोन्ही बाजूंनी सारखं आहे. घातांकीला उजवीकडे लांब शेपूट असतं.

तळ्यातमळ्यात, टप्प्याटप्प्याने जा. तिघे चालू असताना पहिला बंद पडायला सरासरी 333 तास. घातांकी वितरणाला मागचं काही आठवत नाही, त्यामुळे उरलेले दोघे नव्यासारखेच. पुढच्या बंद पडण्याला 500. मग एकट्याचे 1000. बेरीज 1833. चौथा पंप लावलात तर वाढ फक्त 250 तासांची.

जुनंखोड: इंटिग्रेशननेही 1833 च येतं. मी तेच म्हणत होतो.

खटपट्या: सिम्युलेशन करा, एका ओळीत होतं.

```
np.random.exponential(1000, (100000, 3)).max(axis=1).mean()
```

यात सरासरी द्यायची, दर नव्हे. R च्या `rexp` मध्ये उलट. आमच्याकडे एकाने numpy ला 0.001 दिलं आणि उत्तर 0.0018 तास आलं. तरी तो दिवसभर पंपालाच शिव्या देत होता!

निवांत: चला, म्हणजे 1833 तास निर्धास्त.

शंखपुष्पी: निर्धास्त कसले? जुनंखोड काकांच्या सूत्रात t = 1833 घाला. त्याआधीच सगळे बंद पडण्याची शक्यता सुमारे 59 टक्के येते. 1000 तासांच्या आतसुद्धा 25 टक्के. शेपटातली मोजकी मोठी आयुष्यं सरासरी वर ओढतात.

कडबोळं: आमचे तिन्ही एकाच वायरीवर होते. वायर जळली, तिन्ही एकदम गेले. तुमचं सूत्र काय म्हणतं यावर?

शंखपुष्पी: काहीच नाही. तिथे ते स्वतंत्र राहिलेच नाहीत.

तळ्यातमळ्यात: सगळ्यांचे आभार. पंप झिजतात, त्यामुळे उरलेले दोघे नव्यासारखे हे मला पटत नाही. मी 600 तासांनी तिन्ही बदलणार.

जुनंखोड: 600 कुठून आणलेत?