टीव्हीवर टायपिंग: एअर माउस की कीबोर्ड?

खिडकीतला: घरी ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे. रिमोटने एकेक अक्षर शोधत ब्राउझरमध्ये लिहिणं जिवावर येतं. एअर माउस घ्यावा की वायरलेस कीबोर्ड-माउस?

सोफासम्राट: एअर माउस, डोळे झाकून. मनगट वळवलं की पॉइंटर फिरतो, मागच्या बाजूच्या बटणांवर टाइप करायचं. कीबोर्ड मांडीवर राहील हो, पण माउस कशावर फिरवणार, उशीवर? पॉइंटर आपोआप सरकू लागला तर सेल संपत आलेत समजा.

रेवाताई: सेलचं अर्धंच खरं. हात स्थिर असताना पॉइंटर एकाच दिशेला वाहत असेल तर आतल्या जायरोस्कोपचा शून्य सरकलेला असतो. टेबलावर सपाट ठेवा, थोडा वेळ हात लावू नका; बरेच एअर माउस तेवढ्यावर सावरतात. पण टायपिंग दोन्ही अंगठ्यांनी. सर्चपुरतं ठीक, लांबलचक मेल लिहून दाखवा! मी टचपॅडवाला कीबोर्ड घेईन. डोंगल एकच, उशीही नको.

नाना सातारकर: तसलाच घेतलाय. weather लिहिलं की wether उमटतं. डबडं!

रेवाताई: डोंगल कुठे लावलाय?

नाना सातारकर: टीव्हीच्या मागे, हार्ड डिस्कच्या शेजारी. दुसरीकडे जागा कुठंय?

रेवाताई: तिथेच घोळ आहे. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतो. वर टीव्ही मधे आडवा. डिस्क काढून, टीव्हीजवळ बसून टाइप करा. अक्षरं नीट आली तर मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल समोर आणा. तरीही गळाली तर टीव्हीलाच ब्राउझर झेपत नसेल.

अश्विनी: मराठीचं काय? आईला मराठीतच शोधायचं असतं, आणि कीबोर्ड जोडला की इंग्रजीच उमटतं. आम्ही फोनवरच्या गूगल टीव्ही ॲपमधून लिहितो, फोनच्या मराठी कीबोर्डने. एक पैसा खर्च नाही.

सोफासम्राट: त्यात पॉइंटर कुठे आहे? बाणांनी वेबपेजवरची बारीक लिंक गाठायची म्हणजे शिक्षा. शिवाय मधेच फोन वाजला की बोंबला.

अश्विनी: आई यूट्यूब बघते, वेबपेज नाही.

खिडकीतला: मला मात्र ब्राउझिंगच करायचंय!

नाना सातारकर: डिस्क काढली, weather आलं. एक्स्टेन्शन आणतो. पण एका ॲपमध्ये टचपॅडने यादी हलतच नाही, तिथे काय करायचं?

रेवाताई: ते ॲप रिमोटच्या बाणांसाठीच बनवलेलं असणार, पॉइंटरला दाद देत नाही. बाणाच्या कीज वापरा. मागे यायला Esc सहसा चालते.

सोफासम्राट: बघा, शेवटी रिमोटवरच आलात. एअर माउसवर ते बाण असतातच.

रेवाताई: कीबोर्डवरही असतात, सम्राट.