गुटका: पोथीचा की पुडीचा?

रामबागवाली (इंदूर)

'गुटका' या शब्दाबद्दल विचारायचंय, पण आधी हकीकत सांगते.

माझे मामा, ज्यांना सगळे नाना म्हणतात, सरवटे बसस्थानकाबाहेर पुस्तकांची गाडी लावतात. हरिपाठ, रामरक्षा, व्रतकथा, पंचांग, पोरांच्या अंकलिप्या. खंडव्याच्या बसमधला प्रवासी खिडकीतून हात काढून म्हणतो, "नाना, हरिपाठ द्या, गुटका," आणि नाना न बघता नेमकी प्रत काढतात. गुटका म्हणजे खिशात मावणारी छोटी, जाडसर प्रत. त्याहून मोठी ती मझला. गोरखपूरच्या गीता प्रेसच्या यादीत आकारांची हीच नावं असतात, आणि नानांच्या तोंडी ती इतकी बसली आहेत की दुसरं नाव असू शकतं हेच त्यांना पटत नाही.

गेल्या वर्षी मी त्यांचा माल ऑनलाइन लावला. एका मोठ्या विक्री-साइटवर, शिवाय आमची छोटी वेबसाइट. नाना सांगत गेले, मी टाइप करत गेले: "हरिपाठ गुटका", आणि खाली रोमनमध्ये Haripath Gutka. दोन दिवसांत विक्री-साइटनं तो माल काढून टाकला. कारण लिहिलं होतं: तंबाखूजन्य पदार्थ. नाना म्हणाले, "भिया, माउलींचा हरिपाठ यांना पुडी वाटली?"

पडताळून पाहायला तेच पुस्तक फक्त देवनागरीत "हरिपाठ गुटका" म्हणून पुन्हा लावलं. ते टिकलं. म्हणजे नडला तो रोमन gutka. अशा छोट्या पुस्तकांवर बऱ्याचदा आयएसबीएन नसतो, त्यामुळे आपोआप चाळणी करणाऱ्या यंत्रणेपुढे शीर्षक आणि फोटो याखेरीज काही नसतंच.

तर प्रश्न असा: पुस्तकाचा गुटका आणि तंबाखूचा गुटखा, हे मुळात एकच का? आणि शीर्षकात काय लिहावं?

चिंतोपंत

मूळ शब्द गुटखाच. हिंदीवाले 'ख'चा 'क' करतात, म्हणून गुटका झाला. पुस्तकाला तो गमतीनं लावला असणार, पुडीएवढं पुस्तक म्हणून. आपल्या मध्य प्रदेशात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तेव्हा साइटचं काही चुकलं नाही.

जुनी पोथी

चिंतोपंत, बंदीचं साल बरोबर, व्युत्पत्ती मात्र उलटी. संस्कृतात 'गुटिका' म्हणजे गोळी. वैद्यांच्या औषधांत गुटी-वटी असतात, आणि आपली बाळगुटी त्याच घरातली. लहान, घट्ट, गोळीसारखी वस्तू हा त्यातला भाव. छोट्या जाड पुस्तकाला गुटका म्हणणं त्यातूनच आलं. शीख मंडळी नित्य पाठाच्या लहान पोथीला 'गुटका साहिब' म्हणतात, तिथे पुडीची चेष्टा असणं शक्यच नाही. हिंदीतही पुस्तकासाठी हा शब्द पुड्या बाजारात यायच्या कितीतरी आधीचा आहे.

तंबाखूचा गुटखाही 'गुटिके'तूनच आला असावा असं म्हणतात. पण त्यात 'ख' कुठून शिरला याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर द्या.

बडोदेकर

रामबागवाली ताई, मराठी पुस्तकाला हिंदी वळणाचं नाव कशाला? 'खिसाप्रत' लिहा. शब्द सोपा आहे, लोक शिकतील.

रामबागवाली (इंदूर)

काका, शब्द छानच आहे, पण अडचण अशी की तो कुणी टाइप करत नाही. आमच्या वेबसाइटवर शोधायची चौकट आहे. लोकांनी तिथे काय टाइप केलं आणि काहीच मिळालं नाही, त्याची यादी मला मागच्या बाजूला दिसते. नाना आता रोज संध्याकाळी ती यादी वाचून घेतात, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकल्यासारखी. हरिपाठासाठी तिथे असं सापडलं:

haripath pocket
haripath chhota
हरिपाठ छोटे पुस्तक
haripath small size for travel

'गुटका' एकदाही नाही. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये मात्र gutka भरपूर होता: gutka price, gutka wholesale. आमचं पान त्या लोकांना दिसायचं आणि ते पुढे निघून जायचे. पान पुष्कळ वेळा दिसतंय नि क्लिक जवळजवळ शून्य, असं असेल तर शब्द भलत्याच गिऱ्हाइकाला हाक मारतोय असं समजावं. आणि सर्च कन्सोलमध्ये फक्त तेच शब्द येतात ज्यांवर आपलं पान निदान दिसलं तरी. जिथे आपण दिसलोच नाही, ते शब्द आपल्या चौकटीतल्या त्या रिकाम्या यादीतूनच कळतात.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

अगं, माझ्या मेतकुटाचंही तस्संच! लोक methkut लिहितात, metkoot लिहितात, एकीनं तर 'पिवळी भातावरची पूड' लिहिलं होतं. मी सगळी नावं शीर्षकात कोंबली. तूही गुटका, पॉकेट, छोटा, मिनी, सगळं घाल की.

जुनी पोथी

काकू, सगळं शीर्षकात कोंबलं की वाचणारा बिचकतो, आणि शोधयंत्रांनाही ते भरताड आवडत नाही. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी शब्दांची जागा असते, वेगळ्या स्पेलिंगा तिथे घालाव्यात. माझा 'ज्ञ'चा अनुभव सांगतो. पुण्याचा माणूस dnyaneshwari लिहितो, इंदूरचा मराठी मुलगा सरळ gyaneshwari, कारण त्याच्या कानावर हिंदीतला 'ग्य' असतो. साधी शोधचौकट अक्षरं जुळवते, उच्चार नाही. तेव्हा दोन्ही रूपं कुठेतरी नोंदवावीच लागतात.

चिंतोपंत

मग गुटका शब्द काढूनच टाका. तंटाच नको.

रामबागवाली (इंदूर)

काढला होता, काका. शीर्षक केलं "हरिपाठ, छोटी प्रत" आणि रोमनमध्ये Haripath Pocket Size. रिकाम्या यादीतून हरिपाठ गेला, विक्रीही होऊ लागली. पण मग एक पुस्तक परत आलं. नातवानं आजीसाठी मागवलं होतं, आजीला अक्षर दिसेना. बसस्थानकावर गुटका मागणाऱ्याला अक्षर बारीक येणार हे ठाऊक असतं, ते त्या शब्दातच आलं. 'छोटी प्रत' वाचून नातवाला वाटलं, कमी पानांचं पुस्तक असेल.

फोटोही फसवा होता. नुसतं मुखपृष्ठ पाहून छोटं-मोठं कळतच नाही. आता पुस्तक तळहातावर ठेवून फोटो काढतो, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये देतो, आणि वर्णनाची पहिलीच ओळ: "खिशात मावणारा गुटका, अक्षर बारीक, वडीलधाऱ्यांसाठी मोठ्या अक्षराची प्रत वेगळी आहे." गुटका देवनागरीतच ठेवलाय, रोमनमध्ये लिहायचाच नाही.

'मोठ्या अक्षराची प्रत' हा धागाही त्या यादीतूनच मिळाला. mothe akshar, bada akshar, 'मोठा टाइप', असे शब्द सारखे येत होते. नाना म्हणाले, गाडीवर हे कुणी मागत नाही, कारण पुस्तक उघडून बघता येतं.

बडोदेकर

ठीक. पण 'पॉकेट साइज' लिहून तुम्ही हार मानलीत, एवढं म्हणतो. वर्णनात एकदा 'खिसाप्रत' घालून पाहायला काय जातं?

रामबागवाली (इंदूर)

घालते, काका. कुणी टाइप केला तर पहिलं तुम्हालाच कळवीन.

आता मझल्याचं सांगा कुणीतरी. गुटक्याहून मोठा, पोथीहून लहान. यादीत त्यासाठी कसलाच शब्द येत नाही, medium सुद्धा नाही. गाडीवर मात्र तोच सर्वांत जास्त खपतो. तुमच्या घरी त्या आकाराला काय म्हणतात?

लष्करवाली (ग्वाल्हेर)

आमच्या सासूबाई 'रोजच्या पाठाची' म्हणायच्या. पण ते टाइप कोण करणार?